चार मात्रांची जागा

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. बोलपट येऊन काही वर्षं झाली होती आणि आमच्या नाशकातही एक लहानशी चित्रपट कंपनी सुरू झाली होती. गंगापूर रोडला तेव्हा वस्ती फारशी नव्हती. दोन्ही अंगांना मळे आणि मधूनच एखादा बंगला. अशाच एका भाड्याच्या बंगल्यात कंपनीचं बिऱ्हाड होतं. मालक आणि दिग्दर्शक एकच, पन्नाशीचे गृहस्थ, बोलताना सतत उपरण्यानं चष्मा पुसणारे. शाळेच्या संमेलनात त्यांनी माझं वाचन ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी थेट आमच्या घरी आले. वडिलांना म्हणाले, "मुलीचा आवाज हवाय. चेहरा दिसणार नाही, नाव लागणार नाही."

वडील हार्मोनियम वाजवायचे, लहानपणी मला तालाचा थोडा रियाज त्यांनीच करून घेतला होता. ते मला म्हणाले, "तुला जायचं असेल तर जा." मला जायचंच होतं.

काम असं होतं. नाशिकच्या आसपासच्या भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या माळी मंडळींनी मिळून एक सहकारी संस्था काढली होती. पुढच्या शेतकी प्रदर्शनात दाखवायला त्यांनी कंपनीकडून एका रिळाचा लहान चित्रपट करून घेतला होता. मळे, मोटा, पहाटेची फुलतोड, घाटावरचे फुलवाले, यात्रेकरू. चित्रांवर मागून एक आवाज माहिती सांगणार. तिचा मजकूर एका विद्वान गृहस्थांनी लिहिला होता, आणि त्या मजकुराच्या अंदाजानं सनई, हार्मोनियम आणि तबला असं संगीत मुद्रित झालं होतं. मी फक्त वाचायचं, एवढंच ठरलं होतं.

पण संस्थेच्या लोकांना तो चित्रपट संगीतासह दाखवला आणि मी शेजारी उभी राहून मजकूर वाचला, तेव्हा पहिल्या दोन मिनिटांतच खोलीतली हवा बदलली. "पुष्पांनी मंडित गोदातीर" वगैरे चाललं होतं. वाचन संपलं. मग मागच्या बाजूला बसलेल्या एका माळणीनं विचारलं, "यात आमी कुठं हाय?"

संस्थेचे चिटणीस, स्वतः मळेवाले आणि वकिलीची परीक्षा दिलेले, उठून म्हणाले, "बाई बरोबर विचारतायत. आम्ही संस्था का काढली, ते यात नाहीच. पूर्वी एकेकटा माणूस टोपली घेऊन दलालासमोर उभा राहायचा. आता सगळा माल एका जागी येतो, एकत्र तोलला जातो. ही गोष्ट सांगायला हवी. देवदर्शन लोक रोज करतातच."

मालकांनी चष्मा पुसला. "मजकूर नवा लिहिता येईल. चित्रंही हलवता येतील, तोलणी-मोजणीची बरीच फिल्म आपल्याकडे शिल्लक आहे. पण संगीत आहे तेच राहील." वाजवणारी मंडळी नाटक कंपनीबरोबर वऱ्हाडात निघून गेली होती. आणि ध्वनिमुद्रणाची गाडी मुंबईहून भाड्यानं यायची. ती आता एकच दिवस मिळणार होती, माझा आवाज संगीतात मिसळण्यासाठी.

मजकूर नव्यानं लिहायचं काम मी मागून घेतलं. मला ते सोपं वाटलं होतं.

चार संध्याकाळी बसून मी मजकूर लिहिला. साधा आणि स्वच्छ, चिटणिसांनाही पसंत पडलेला. मग आम्ही तो संगीतावर वाचून पाहिला आणि सगळं बिनसलं. माझं वाक्य ऐन रंगात यायचं आणि तिथंच सनई वर चढायची. मी थांबले की सनईही थांबायची आणि दोघांच्या मध्ये एक पोकळ खड्डा पडायचा. पडद्यावर वांग्यांच्या टोपल्या येऊन गेल्या तरी मी अजून शेवंतीवरच होते. चिटणीस हसू आवरत म्हणाले, "बाई, तुमचं आणि तबलजीचं काही भांडण झालंय का?"

मालक म्हणाले, "संगीतच कापू. जिथं नको तिथून काढून टाकू."

कंपनीचे संकलक, म्हणजे फिल्म कापून जोडणारे गृहस्थ, कोपऱ्यात बसले होते. मालेगावच्या विणकर घराण्यातले, पण पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत बरीच वर्षं काढलेले. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणायचो. ते उठले, संगीताच्या फिल्मच्या एका जादा प्रतीतून मधलाच हातभर तुकडा कापून टाकला, दोन्ही टोकं जोडली आणि मशिनवर लावून आम्हाला ऐकवलं. चालत्या माणसाचा पाय अचानक खड्ड्यात जावा तसा ताल कोसळला, आणि जोडाच्या जागी 'धप्प' असा आवाज आला.

"हा धप्प मी फिल्मवर काळी शाई लावून झाकू शकतो," भाई म्हणाले. "ताल कशानं झाकू?"

"मग पूर्ण आवर्तनच काढा," मी म्हटलं. "समेपासून समेपर्यंत, पहिल्या मात्रेपासून पुन्हा पहिल्या मात्रेपर्यंत. तबला पुन्हा त्याच जागेवर येईल."

"तबला येईल. सनईची तान अर्धी राहील," भाई म्हणाले. ते त्यांनी वाजवूनही दाखवलं, आणि सनई वाक्य अर्ध्यावर सोडून निघून गेलेल्या माणसासारखी वाटली. तेव्हा संगीताला हात लावायचा नाही, हे ठरलं. चित्रांनी आणि शब्दांनीच त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

पण जुळवायचं कशानं? ऐकून अंदाजानं वाचत राहिले असते तर महिना गेला असता. त्या दुपारी भाई आणि मी संगीत लावून बसलो. ठेका तीनतालाचा होता, सोळा मात्रांचा. मी टाळी देत मात्रा मोजत होते आणि भाई घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत होते. मिनिट झालं तसं त्यांनी विचारलं, "किती?"

"नव्वदच्या आसपास."

भाईंनी काटा पुन्हा बारावर येऊ दिला. मग म्हणाले, "पुन्हा मोजा." पुन्हा तेच आलं. ते हसायला लागले. मला काही कळेना. "बाई, फिल्म मशिनमधून मिनिटाला नव्वद फूट पळते. म्हणजे एक मात्रा, एक फूट. सोळा मात्रांचं तुमचं आवर्तन, सोळा फुटांची माझी पट्टी." त्यांनी टेबलावर फिल्म पसरली. एका फुटात सोळा चित्रं असतात, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं. तबलजीनं वऱ्हाडात जाण्याआधी आम्हाला फूटपट्टीच देऊन ठेवली होती म्हणायची.

आम्ही दोघं कामाला लागलो. भाईंनी दर सोळा फुटांवर पिवळ्या पेन्सिलीनं समेची, पडद्यावर दिसेल अशी खूण केली. मी मजकूर आवर्तनांत तोडला. एका मात्रेत तीन अक्षरं सुखानं बसतात. चार बसवली तर घाई होते आणि दोनच ठेवली तर कीर्तन वाटतं. म्हणून एका आवर्तनात बारा मात्रा बोलायचं, चार मात्रा सनईसाठी सोडायच्या. वाक्यातला महत्त्वाचा शब्द समेच्या अलीकडे पूर्ण व्हायला हवा, म्हणजे तबल्याची थाप त्याच्यावर शिक्का मारल्यासारखी पडते. थाप आणि शब्द एकाच क्षणी आले तर दोघंही चिरडतात. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. वाचून पाहायचं, वाईट लागलं की बदलायचं, असं करत ते हाताला लागलं. "आणि", "परंतु", "त्याचप्रमाणे" हे शब्द पहिल्या दिवशीच गेले. त्यांचं मला काही दुःख झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून वाचलं. पहिली काही आवर्तनं अशी सुंदर बसली की मालक दारात उभे राहून ऐकू लागले. मग मला वाटायला लागलं की मी किंचित मागं पडतेय. नंतर किंचित नाही, चांगलीच मागं. निम्मं रीळ झालं तेव्हा भाईंच्या खुणेला धरून मी समेचा शब्द टाकला आणि तबला चक्क 'खाली'च्या मात्रेवर होता, म्हणजे आवर्तनात समेच्या बरोबर उलट्या जागी. मी हातातले कागद खाली ठेवले.

"मी चुकले नाही," मी म्हटलं. "खुणेवरच बोलले."

"मीही चुकलो नाही. पट्टी सोळा फुटांचीच आहे," भाई म्हणाले.

दोघंही खरं बोलत होतो, म्हणून अडचण होती. शेवटी मी वडिलांकडे गेले. ते झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "अगं, तो माणूस आहे. सनई रंगली की तबला चढतोच. लय सुरुवातीला होती तिथंच शेवटी असेल, असं तुम्ही धरलंत कसं?"

सकाळी शाळेआधी मी धावत बंगल्यावर गेले. भाईंना सांगितलं, तर त्यांनी लगेच संगीताची फिल्म उजेडासमोर धरली. फिल्मच्या कडेला आवाजाची जी नागमोडी पट्टी छापलेली असते, ती भिंगातून मला दाखवली. सनईच्या बारीक दातांमध्ये ठरावीक अंतरानं एक रुंद फुगवटा दिसत होता. "ही बघा थाप," ते म्हणाले. "ऐकायची गरज नाही. दिसते."

मी आयुष्यात पहिल्यांदा तबला डोळ्यांनी पाहिला. रिळाच्या सुरुवातीला दोन समांमधलं अंतर सोळा फूट होतं, पुढं साडेपंधरा आणि अखेरीला पंधरा. तबलजी जसजसा रंगात आला होता तसतशी पट्टी आखडत गेली होती. भाईंनी सगळ्या पिवळ्या खुणा पुसल्या आणि प्रत्येक सम भिंगानं शोधून नव्यानं खूण केली. त्यावरून चित्रांचे तुकडेही पुन्हा लावले. यात्रेकरूंची चित्रं काढली तेवढ्याच लांबीची तोलणीची, कोथिंबिरीच्या ढिगांची, बैलगाड्यांची चित्रं भरायची होती, एक फूट इकडे नाही की तिकडे नाही. मीही शेवटाकडची वाक्यं आखूड केली. लय चढते तिथं शब्द कमी हवेत, हे उघडच होतं. पण कागदावर लिहिताना ते मला सुचलं नव्हतं.

आता एकच गाठ उरली. रिळाच्या शेवटाजवळ तबलजीनं तिहाई घेतली होती, एकच बोल तीनदा, आणि तिच्यानंतर सगळी वाद्यं गप्प होती. चार मात्रा पूर्ण शांतता. मग तबला दुगुनीत, दुप्पट लयीत, सुटायचा, थेट शेवटपर्यंत. जुन्या मजकुरात त्या शांततेत देवळाचा कळस दिसायचा. कळस आता गेला होता. भाईंनी तिथं तराजूचा काटा लावला होता, हलत हलत स्थिर होणारा, आणि दुगुनीवर मालानं भरलेल्या गाड्या निघायच्या. त्या जागेवर चिटणिसांना त्यांचं मुख्य वाक्य हवं होतं. ते त्यांनी स्वतः लिहून आणलं होतं: "सहकाराच्या तत्त्वावर संघटित झालेला हा बागाईतदार आपल्या मालाचे मूल्य ठरवण्यास आज समर्थ झाला आहे."

"साहेब, हे चार मात्रांत बसणार नाही," मी म्हटलं.

"जरा लवकर म्हणा."

"तुम्हीच म्हणून बघा ना."

ते मोकळ्या मनाचे होते. खरंच उभे राहिले. भाईंनी रीळ लावलं. तिहाई संपली, चिटणीस "सहकाराच्या तत्त्वावर संघटित" इथवर आले आणि तबल्यानं त्यांना उचलून नेलं. "समर्थ झाला आहे" हे त्यांनी गाड्यांच्या मागून ओरडून सांगितलं. आम्ही सगळे हसलो आणि तेही हसले. मग हट्टाला पेटले. खुर्ची ओढून बसले आणि आपल्याच वाक्यातले शब्द खोडू लागले. तत्त्व गेलं. संघटित गेलं. समर्थ जाताना त्यांना जड गेलं. दर खेपेला भाई तेवढाच तुकडा लावायचे आणि चिटणीस म्हणून बघायचे. बागाईतदार गेला, मूल्याचा भाव झाला. शेवटी ते उठले, तराजूचा काटा स्थिर होताना पाहिला आणि आवाज न चढवता म्हणाले,

"आता भाव आम्ही सांगतो."

तबला सुटला. गाड्या निघाल्या. मालक चष्मा पुसायचं विसरले होते.

"हेच," चिटणीस म्हणाले. "एवढंच सांगायचं होतं मला."

मुद्रणाच्या दिवशी मुंबईची गाडी आली. ध्वनिमुद्रक तरुण, गंभीर आणि घाईत होता. दिवाणखान्याच्या भिंतींना आम्ही शेजारपाजारच्या गोधड्या टांगल्या होत्या. चित्राची आणि संगीताची यंत्रं एकाच दांड्याला जोडून बाहेरच्या खोलीत ठेवली होती, म्हणजे दोन्ही बरोबर चालतील आणि घरघर आत येणार नाही. मी काचेतून पडद्याकडे पाहणार, संगीत फक्त माझ्या कानांवरच्या यंत्रात ऐकणार आणि बोलणार. माझा आवाज आणि संगीत तिथंच एकत्र होऊन नव्या फिल्मवर उतरणार. मध्ये चूक झाली तर रीळ पहिल्यापासून. आणि कोरी फिल्म दोनच रिळांपुरती होती.

माझ्यासाठी भाईंनी एक युक्ती केली होती. प्रत्येक वाक्याच्या चार मात्रा आधी चित्राच्या कामचलाऊ प्रतीत एक बारीक भोक पाडलं होतं. पडद्यावर तिथं लखकन पांढरा ठिपका चमकायचा. तो दिसला की श्वास घ्यायचा, चार मात्रा मनात मोजायच्या आणि बोलायचं. कागदाकडे बघायची गरजच उरली नाही.

पहिली खेप अप्रतिम चालली होती. तिहाई आली, संपली, मी शांततेत माझं वाक्य म्हटलं आणि त्याच क्षणी रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. घुंगरांचा खळखळाट भर शांततेत पडला. ध्वनिमुद्रकानं यंत्र थांबवलं आणि कपाळाला हात लावला. "सनईखाली लपलं असतं. इथं लपायला काहीच नाही."

एक रीळ उरलं होतं. दुपारी बाजाराकडे गाड्यांची रांग असायची, ती कोण थांबवणार? चिटणीस उठून बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी व्हरांड्यात जाऊन पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या, कोबी-मुळ्यांनी भरलेल्या. गाडीवान खाली उतरून बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा सोडत होते आणि हातांच्या मुठीत आवळून धरत होते. पहिल्या दिवशी "यात आमी कुठं हाय?" असं विचारणारी माळणही त्यांच्यात होती. मला पाहून ती म्हणाली, "तुमी बोला बाई. आमी बैलांना गप ठेवतो."

मी आत गेले. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. ठिपका चमकला, मी श्वास घेतला आणि पहिलं वाक्य सुटलं. त्यानंतर मला मोजावं लागलं नाही. तबलजी माझ्याबरोबर होता, सनईवाला होता. सनई कुठं चढणार आणि मी कुठं खाली बसणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शब्द समेच्या अलीकडे पोहोचत होते आणि थाप त्यांना पलीकडे नेत होती. लय वाढली तशी मी हलकी झाले. तिहाई आली. तराजूचा काटा थांबत होता. बाहेर एवढे बैल, एवढी माणसं, पण पान हलल्याचाही आवाज नव्हता. मी म्हटलं, "आता भाव आम्ही सांगतो," आणि शेवटचं अक्षर 'तो' संपून जरा अवकाश गेला, हवा तेवढाच, की तबला उसळला.

रीळ संपल्यावर ध्वनिमुद्रकानं कानावरचं यंत्र काढलं. "मुंबईला हे असं एका दमात कोणी करत नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. भाईंनी काचेपलीकडून दोन्ही हात वर केले. बाहेर बातमी पोहोचली असावी, कारण सगळ्या घुंगुरमाळा एकदम वाजायला लागल्या.

प्रदर्शनात तो चित्रपट संध्याकाळी तंबूत दाखवला. लासलगाव, सिन्नरकडचे शेतकरी आले होते. लोक जमिनीवर बसले होते, मुलं मांडीवर. मी मागं भाईंच्या शेजारी उभी होते. शांततेची जागा आली तेव्हा भाईंनी नकळत बोटानं मात्रा मोजल्या. वाक्य पडलं, गाड्या निघाल्या आणि तंबूत अशी टाळी उठली की पुढचा तबला ऐकूच आला नाही. चित्रपट परत दाखवावा लागला. त्या खेपेला पुढच्या रांगेतल्या बायकांनी वाक्य माझ्याआधीच म्हणून टाकलं, अर्ध्या मात्रेनं घाईनं. भाई माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना भोक दाखवायला हवं होतं."

बाहेर सिन्नरकडचे काहीजण चिटणिसांना घेरून उभे होते. संस्था कशी काढायची, माल एकत्र कुठं उतरवायचा, हे विचारत होते. चिटणीस लांबलचक उत्तर द्यायला लागायचे आणि मध्येच थांबून आखूड करायचे. ती सवय त्यांना पुढंही राहिली.

मालकांनी आम्हा दोघांना तंबूमागं चहा पाजला आणि पुढच्या चित्रपटाचं सांगितलं. द्राक्षमळ्यांवरचा, दोन रिळांचा. मजकूर मीच लिहायचा.

"मजकूर आधी का संगीत आधी?" मी विचारलं.

मालकांनी उपरण्याचं टोक हातात घेतलं. "संगीत आधीच करून ठेवलंय."

भाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "ताल कोणता?"